नवीन हजेरी सॉफ्टवेअर: सर्क्युलर ते पहिला पगार, माझ्या नोंदी

२७ ऑगस्ट २०२४, मंगळवार

आज कामाला सुरुवात. भोसरी एमआयडीसीतला आमचा प्लांट, कायम आणि कंत्राटी मिळून ३४० माणसं, तीन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. जुनं पंचिंग मशीन आणि त्यासोबत टाइम ऑफिसचं रजिस्टर अशी दुहेरी हजेरी चालते आणि महिनाअखेर दोन्हींचा मेळ घालण्यात काकांचे तीन दिवस जातात. आता नवीन सॉफ्टवेअर घेतलंय, दोन्ही गेटला नवीन थम्ब मशीन लागणार, १ ऑक्टोबरला सुरू करायचं. एचआरकडून हे काम माझ्याकडे आलंय, त्यातलं पहिलं म्हणजे सर्क्युलर.

वरून एक ड्राफ्ट आलाय. "दि. १ ऑक्टोबरपासून नवीन संगणकीय उपस्थिती प्रणाली कार्यान्वित होत आहे. प्रशिक्षण दि. ९ ते ११ सप्टेंबर, दुपारी ४ वाजता, कॉन्फरन्स रूम. अडचणी असल्यास हेल्पडेस्कला ईमेल करावा, वेळ सकाळी १० ते सायं. ६." खाली सही-शिक्का. तीन वाक्यं आहेत आणि वाचायला बरी वाटतात, उद्या टाइप करून बोर्डावर लावायची असं ठरलं होतं. मी म्हटलं एकदा टाइम ऑफिसला दाखवते.

२८ ऑगस्ट, बुधवार

टाइम ऑफिसच्या काकांनी ड्राफ्ट दोनदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "ताई, १ तारखेपासून म्हणजे कधीपासून?"

मी म्हटलं रात्री बारापासून, तारीख बदलते तेव्हापासून. काका म्हणाले, मग ३० तारखेच्या थर्ड शिफ्टचं काय? तो माणूस रात्री ११ ला आत येणार जुन्या मशीनवर, सकाळी ७ ला बाहेर पडणार नवीन मशीनवर. त्याचा इन एका वहीत आणि आउट दुसऱ्या वहीत. त्याची ती रात्र कोणाच्या खात्यात धरायची?

आमच्या थर्ड शिफ्टला ६२ माणसं असतात. मला हे सुचलंच नव्हतं. ऑफिसात बसून तारीख बघितली की दिवस बारा वाजता सुरू होतो असंच वाटतं, शॉपफ्लोअरवर तो सकाळी ७ ला सुरू होतो. आणि हे नुसतं आपलं म्हणणं नाही, फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ५७ मध्येच आहे की शिफ्ट मध्यरात्रीच्या पुढे गेली तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस शिफ्ट संपल्यापासून धरायचा. काकांना कलम नंबर माहीत नव्हता, पण पद्धत तीच होती त्यांची.

सर्क्युलर थांबवलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

नुसतं बोलण्यापेक्षा करून बघू म्हणून सॉफ्टवेअरवाल्या मुलाला बसवलं. जुन्या मशीनमधला खरा डेटा काढला आणि १ सप्टेंबरला रात्री १२ ला नवीन सिस्टिम सुरू झाली असं समजून फक्त तिथून पुढचे पंच आत टाकले. ३१ ऑगस्टला थर्ड शिफ्टला असलेला एक ऑपरेटर घेतला. टोकन नंबर इथे बदललाय, वेळा खऱ्या आहेत.

खरं काय झालं: ३१ ला रात्री १०:५२ ला आत, १ ला सकाळी ७:०६ ला बाहेर. परत १ ला रात्री १०:५० ला आत, २ ला सकाळी ७:०४ ला बाहेर. सरळ दोन नाइट.

नवीन सिस्टिमने काय दाखवलं:

```
1147  2024-09-01  07:06  IN
1147  2024-09-01  22:50  OUT
1147  2024-09-02  07:04  IN
```

३१ तारखेचा इन तिला माहीतच नाही. आमच्या मशीनला आत-बाहेरचं वेगळं बटण नाही, पहिला थम्ब म्हणजे इन आणि दुसरा म्हणजे आउट असं एकाआड एक धरलं जातं. त्यामुळे माणूस घरी जाताना लावलेला थम्ब इन झाला आणि रात्री कामावर येतानाचा आउट. १ तारखेला त्याची हजेरी दिसली १५ तास ४४ मिनिटं. ज्या वेळात तो घरी झोपला होता तो सगळा वेळ कामाचा, आणि रात्रभर मशीनवर उभा होता तो वेळ कोराच. आणि एकदा उलटं झालं की दुसऱ्या दिवशीही उलटंच, आठवड्याची सुट्टी येईपर्यंत गाडी अशीच चालते. वर ३१ ची रात्र जुन्या मशीनमध्ये सिंगल पंच म्हणून पडून, म्हणजे मेळ घालताना अ‍ॅब्सेंट.

वाईट गोष्ट अशी की सिस्टिम कुठेही एरर देत नाही. इन आहे, आउट आहे, तास भरलेत, सगळं हिरवं. कळायचं कसं तर दोन खुणा आम्ही शोधल्या. एक म्हणजे १२ तासांवर हजेरी दिसतेय पण सुपरवायझरची ओव्हरटाइम स्लिप नाही. दुसरी म्हणजे थर्ड शिफ्टच्या माणसाचा इन सकाळी ७ च्या आसपास दिसतोय. या दोन्हींचा रिपोर्ट रोज सकाळी काढायचा असं ठरवलं.

उपायही दोन. सॉफ्टवेअरमध्ये थर्ड शिफ्टला खिडकी लावली, रात्री ९:३० ते १२:३० मध्ये आलेला पंच इनच धरायचा आणि त्याचा आउट दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत शोधायचा. पण खिडकी लावली तरी जो इन दुसऱ्याच मशीनमध्ये आहे तो काही सापडणार नाही, म्हणून दुसरा उपाय सर्क्युलरमध्येच करायला हवा. "१ ऑक्टोबरपासून" खोडलं. "मंगळवार दि. १ ऑक्टोबरच्या फर्स्ट शिफ्टपासून, सकाळी ७ वाजता" असं लिहिलं, आणि खाली वेगळी ओळ, ३० तारखेच्या थर्ड शिफ्टने आत येताना आणि बाहेर जाताना जुन्याच मशीनवर पंच करायचं.

४ सप्टेंबर, बुधवार

तारीख बदलून १५ ऑक्टोबर करू का असं साहेबांनी विचारलं. मी नको म्हटलं, कारण महिन्याच्या मध्ये बदललं तर एका पगाराला दोन सिस्टिमचा डेटा जोडावा लागतो, आणि चूक नेमकी जोडावर होते. शिवाय १ तारीख यावेळी फारच सोयीची आहे. मंगळवारी १ ला सुरू करायचं, बुधवारी २ ला गांधी जयंती, गुरुवारी ३ ला साप्ताहिक सुट्टी. एक दिवस पूर्ण तीन शिफ्ट चालवायच्या आणि मग दोन दिवस प्लांट बंद असताना प्रत्येक माणसाचा पंच शांतपणे तपासायचा. असा योग परत मिळायचा नाही. साहेबांना पटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

ट्रेनिंगच्या तारखा बदलल्या. उद्या गणपती बसतायत, १० ला गौरी येणार, ११ ला पूजन. ड्राफ्टमध्ये ट्रेनिंग नेमकं ९ ते ११. निम्मा प्लांट गावी असतो या दिवसांत, साताऱ्याकडची आणि कोकणातली माणसं तर आजच दुपारी निघाली. विसर्जन १७ ला, ट्रेनिंग त्यानंतरच्या आठवड्यात ठेवलं, सोमवार २३ पासून.

आणि दुपारी ४ ही वेळ कोणाच्याच कामाची नाही. फर्स्ट शिफ्ट ३ ला सुटते, कंपनीची बस ३:१५ ला निघते, बस गेली की माणसाला स्वतःच्या खर्चाने घरी जावं लागतं. सेकंड शिफ्ट ३ ला मशीनवर उभी राहिलेली असते. थर्ड शिफ्ट तेव्हा झोपलेली असते. ही ४ ची वेळ फक्त ऑफिस स्टाफला जमते, आणि त्यांना थम्ब लावायला शिकवायची तशी फारशी गरज नाही.

युनियनच्या सेक्रेटरींशी बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, ट्रेनिंग शिफ्टच्या वेळात घ्या, पगारी वेळात घ्या, मग एकही माणूस चुकणार नाही याची जबाबदारी आमची. ते बरोबरच आहे. प्रॉडक्शनने आधी नाही म्हटलं, मग बारा-बाराच्या बॅचवर तयार झाले, एका बॅचला १५ मिनिटं, लाइन बंद न करता माणसं आळीपाळीने सोडायची. जागा कॉन्फरन्स रूम नाही, थेट गेटजवळ मशीनसमोर.

१४ सप्टेंबर, शनिवार

थम्ब एनरोलमेंट सुरू केलंय, हे ट्रेनिंगच्या आधीच उरकायला हवं. आज ४० माणसं झाली आणि त्यातल्या ७ जणांचा थम्ब घेईना. सगळे ग्राइंडिंग आणि डीबरिंगचे. बोटांच्या रेषाच झिजलेल्या. एका दादांचा हात मी धरून बघितला, अंगठ्याचं टोक गुळगुळीत, कडेला कूलंटने पडलेल्या बारीक भेगा. वीस वर्षं तेच काम करतायत. ते म्हणाले, "ताई, रेशनच्या दुकानात पण असंच होतं, तिथे मुलाला न्यावं लागतं."

आज जे जमलं ते लिहून ठेवते. अंगठ्याऐवजी अनामिका किंवा करंगळी घेतली तर बऱ्याच जणांचं होतं, कारण त्या बोटांवर पकडीचा जोर कमी येतो. दोन्ही हातांचं एकेक बोट घ्यायचं, म्हणजे एकाला पट्टी बांधली तरी दुसरं आहे. बोट कोरडं पडलं असेल तर तळहातावर घासायचं, ओलं असेल तर पुसायचं, आणि काचेवर दाबायचं नाही, सपाट ठेवायचं. जोरात दाबलं की रेषा पसरतात आणि मशीन अजूनच घेत नाही, आणि न घेतल्यावर माणूस साहजिकच आणखी जोरात दाबतो. ७ मधले ५ असे झाले. उरलेल्या २ जणांना कार्ड द्यायचं. सर्क्युलरमध्ये हे स्पष्ट लिहायचं की थम्ब लागत नसेल तर कार्ड मिळेल आणि त्यासाठी कोणाचीही हजेरी कापली जाणार नाही. हे वाक्य कायम कामगारांपेक्षा कंत्राटी माणसांसाठी जास्त महत्त्वाचं आहे, कारण थम्ब लागला नाही तर ते न बोलता परत जातात.

आणखी एक प्रश्न दिवसभरात बऱ्याच जणांनी विचारला, हा थम्ब आधारला जोडलाय का, बँकेतून पैसे जातील का. नाही. आमच्या मशीनमध्ये बोटाचा फोटो राहात नाही, रेषांच्या खुणांचा एक आकड्यांचा साचा राहतो, आणि तो फक्त आमच्या सर्व्हरवर. सॉफ्टवेअरवाल्याकडून हे लेखी घेतलं आणि तेही सर्क्युलरमध्ये टाकतेय. नोकरी सोडल्यावर साचा पुसला जाईल हेसुद्धा.

१८ सप्टेंबर, बुधवार

हेल्पडेस्क. ईमेल, सकाळी १० ते ६. आमच्या ऑपरेटरकडे कंपनीचा ईमेल नाही. आणि अडचण येते ती पंच करताना, म्हणजे ६:४५ ला, २:४५ ला, १०:४५ ला. तिन्ही वेळा १० ते ६ मध्ये बसतात का तर एकच बसते.

म्हणून पहिले पंधरा दिवस शिफ्ट बदलायच्या वेळी गेट १ ला माणूस बसवायचा, प्रत्येक वेळी एक तास, ६:३० ते ७:३०, २:३० ते ३:३०, रात्री १०:३० ते ११:३०. रात्रीची पाळी मी आणि आयटीचा मुलगा वाटून घेणार, मला कंपनीची गाडी सोडेल असं लेखी घेतलंय. बाकी वेळी सिक्युरिटी केबिनचा इंटरकॉम, आणि तिथे एक रजिस्टर. फोन लागो न लागो, रजिस्टरमध्ये लिहिलं की तक्रार नोंदली गेली. रकाने चारच ठेवले, टोकन नंबर, तारीख, शिफ्ट, गेट. कारण वगैरे लिहायला लावलं तर माणसं लिहीत नाहीत, आणि हे चार मिळाले की कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवरून बाकी सगळं काढता येतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सर्क्युलर आज लागलं. मराठी आणि हिंदी, मोठ्या अक्षरात, टाइम ऑफिस, कॅन्टीन आणि दोन्ही गेटला. शेवटचा मजकूर इथे ठेवते:

> परिपत्रक: नवीन हजेरी मशीन
>
> मंगळवार दि. १ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७ वाजता, फर्स्ट शिफ्टपासून हजेरी नवीन मशीनवर लागेल.
>
> सोमवार दि. ३० सप्टेंबरच्या थर्ड शिफ्टने आत येताना व मंगळवारी सकाळी बाहेर जाताना जुन्याच मशीनवर पंच करावे. जे थर्डनंतर ओव्हरटाइमला थांबतील त्यांनी ७ वाजता जुन्या मशीनवर आउट व लगेच नवीन मशीनवर इन करावे.
>
> ट्रेनिंग: फर्स्ट व सेकंड शिफ्ट, सोम. २३ ते बुध. २५ सप्टेंबर. थर्ड शिफ्ट, शुक्र. २७ व शनि. २८ सप्टेंबर, रात्री ११:१५ पासून. प्रत्येकी १५ मिनिटे, कामाच्या वेळेत, गेट १. आपली बॅच सुपरवायझर सांगतील. रजेवर असलेल्यांसाठी सोम. ३० सप्टेंबर.
>
> थम्ब लागत नसल्यास कार्ड मिळेल. त्या कारणाने हजेरी कापली जाणार नाही. हे मशीन आधार किंवा बँकेला जोडलेले नाही.
>
> मदत: दि. १ ते १७ ऑक्टोबर, गेट १, सकाळी ६:३० ते ७:३०, दुपारी २:३० ते ३:३०, रात्री १०:३० ते ११:३०. इतर वेळी सिक्युरिटी केबिनचा इंटरकॉम व तेथील रजिस्टर.
>
> ऑक्टोबरच्या हजेरीतील चूक ३ नोव्हेंबरपर्यंत रजिस्टरमध्ये लिहावी.

काकांनी वाचलं, काही बोलले नाहीत, फक्त "जुन्याच" या शब्दाखाली लाल पेनाने एक रेघ मारली.

२८ सप्टेंबर, शनिवार

ट्रेनिंग संपत आलं. सांगायचं होतं ते इतकंच, बोट कसं ठेवायचं, स्क्रीनवर आपलं नाव वाचायचं, आणि आवाज आला नाही तर परत लावायचं. नाव वाचायचं यावर मी फार जोर दिला, कारण घाईत दुसऱ्याचा थम्ब ओळखला जाऊन "थँक यू" येतं आणि माणूस पुढे निघून जातो, असं एकदा ट्रेनिंगमध्येच झालं. एका बॅचला मी सांगण्याऐवजी कॅन्टीनच्या मावशींनी करून दाखवलं आणि ती बॅच सगळ्यात पटकन झाली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे ५:४५ ला पोचले. जुनं मशीन गेटच्या डावीकडे, नवीन उजवीकडे, मध्ये दोरी. सिक्युरिटीचे दोघे ओरडून सांगत होते, जाणारे डावीकडे, येणारे उजवीकडे. ७:२० पर्यंत थर्ड शिफ्टचे ६२ पैकी ५९ जुन्या मशीनवर बाहेर. तिघांनी सवयीने गर्दीच्या मागे जाऊन नवीनवर लावला, ते तिघे तिथेच रजिस्टरमध्ये लिहून घेतले आणि त्यांना जुन्यावरही लावायला सांगितलं. ८ ला जुनं मशीन बंद करून डेटा काढला, त्याच्या दोन कॉप्या केल्या.

गेट २ ला मात्र फर्स्ट शिफ्टचे ११ जण लेट दाखवतंय. ते ११ जण लेट नव्हते, मी स्वतः बघत होते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

कारण सापडलं. गेट २ च्या मशीनचं घड्याळ १४ मिनिटं पुढे. बसवताना वेळ हाताने टाकली होती आणि सर्व्हरवरून वेळ घेण्याचं सेटिंग बंदच होतं. आमच्याकडे १० मिनिटांची सवलत आहे, त्यामुळे ६:५८ ला आलेला माणूस ७:१२ ला आल्यासारखा दिसला आणि लेट झाला. ६:५० ला आलेले सुटले, म्हणून हे एकदम लक्षात आलं नाही. सेटिंग चालू केलं, १ तारखेचे गेट २ चे सगळे पंच १४ मिनिटं मागे घेतले आणि त्याची नोंद लेखी ठेवली. आता रोज सकाळी मोबाइलची वेळ आणि दोन्ही मशीनची वेळ शेजारी धरून बघायची, सिक्युरिटीच्या वहीत लिहायची.

आणि ते नवीन मशीनवर थम्ब लावलेले तिघे. खिडकी लावलेली असल्यामुळे त्यांचा सकाळचा पंच इन म्हणून धरला गेला नाही, "जोडी नाही" म्हणून बाजूला पडला. १ च्या रात्री थर्डला ते परत आले तो पंच बरोबर इन झाला. पुढे काही उलटलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सर्क्युलरमध्ये एक चूक राहिली होती, ती माझी. चूक लिहायची शेवटची तारीख ३ नोव्हेंबर दिली, पण १ ला लक्ष्मीपूजन, प्लांट ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर बंद. माणसं गावी असणार, रजिस्टर इथे. आणि पगार लांबवता येत नाही, हजारापेक्षा कमी माणसं असली की पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्ट १९३६ प्रमाणे ७ तारखेच्या आत द्यावाच लागतो.

आज पुरवणी सर्क्युलर लावलं. २७ तारखेपर्यंतची प्रत्येकाची हजेरी २८ ला सकाळी बोर्डावर लागेल, त्यातली चूक ३० पर्यंत लिहायची. उरलेल्या दिवसांची ५ नोव्हेंबरपर्यंत. यादी टोकन नंबरने, नाव नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

रजिस्टरमध्ये महिन्याच्या ५३ नोंदी. बहुतेक पंच विसरल्याच्या. थम्ब न लागल्याच्या ९, त्यातले ६ एकाच माणसाचे, ते ग्राइंडिंगचे दादा. त्यांना कार्ड दिलं होतं पण ते आधी थम्ब लावून बघत होते, म्हणाले कार्ड म्हणजे कमीपणा वाटतो. त्यांच्याशी बसून बोलले. सोमवारपासून ते करंगळी वापरतायत, तिसऱ्या वेळेला का होईना पण घेतं, आणि खिशात कार्ड आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पगार काल संध्याकाळीच जमा झाला, आज सुट्टी आहे म्हणून. हजेरीच्या ४ तक्रारी उरल्यात, चारही ३१ च्या सकाळच्या, थर्ड शिफ्ट सुटून दिवाळीच्या घाईत बसकडे पळताना आउट राहिलेला. कॅमेऱ्यात चौघेही दिसतायत, ७:०३ ते ७:०९ मध्ये. त्यांचा एकेक दिवस उद्या वेगळा जमा करायचा, काकांनी व्हाउचर बनवून ठेवलंय.